शिट्टी ओठांवर, हात पुढे

बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात आउटर रिंग रोडच्या आसपास आयटी कंपन्यांच्या इमारतींमागे जाळ्यांनी वेढलेली टर्फ आहेत. तासाच्या भाड्याने मिळतात, रात्री दिव्यांखाली चालतात. पुण्याकडची, नागपूरकडची, बेळगावची मुले आणि कानडी, मल्याळी, बंगाली सहकारी असे पाच-पाच, सात-सात जणांचे संघ तिथे खेळतात. पंच नसतो. ज्याला लाथ बसते तो ओरडतो, ‘फाऊल!’ आणि खेळ थांबतो. गंमत अशी, की पुष्कळदा तो ओरडतो तेव्हा चेंडू त्याच्याच साथीदाराच्या पायाशी गेलेला असतो आणि समोर फक्त गोलरक्षक असतो. साथीदार गोल मारतो. बचाव करणारे म्हणतात, ‘तुम्हीच फाऊल मागितलात, आम्ही थांबलो.’ गोल मारणारे म्हणतात, ‘फाऊल तुम्ही केलात, मग आमचा गोल का घालवायचा?’ दोघांचेही बरोबर असते, म्हणून भांडण मिटत नाही.

फुटबॉलच्या नियमपुस्तकाने हा तिढा शंभरहून अधिक वर्षांपूर्वी ओळखला. शिट्टी वाजवून खेळ थांबवणे हा गुन्हा करणाऱ्याला दिलेला दंड वाटतो खरा. पण ज्याच्यावर अन्याय झाला तो संघ त्या क्षणी जोरात पुढे निघालेला असेल, तर थांबवण्याचा फटका त्यालाच बसतो. त्याचा वेग जातो, मोकळी जागा भरते, समोरचे दहा जण आरामात चेंडूच्या मागे येऊन उभे राहतात. म्हणजे फाऊल करणाऱ्याला जे हवे होते तेच पंच त्याला देतो. यावरचा उतारा म्हणजे ‘ॲडव्हांटेज’. फाऊल दिसला, तरी पंच शिट्टी ओठांवरच ठेवतो आणि खेळ चालू देतो.

पाचव्या नियमात पंचाच्या अधिकारांमध्ये हे दोन भागांत येते. पहिला भाग असा, की गुन्हा झाला आणि खेळ चालू ठेवल्याने निर्दोष संघाचा फायदा होणार असेल, तर पंच खेळ चालू देतो. दुसरा भाग असा, की अपेक्षित फायदा त्याच वेळी किंवा काही सेकंदांत पदरात पडला नाही, तर पंच मागे जाऊन मूळ गुन्ह्याची शिक्षा देतो. हा दुसरा भाग तुलनेने नवा आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत पंचाने एकदा खेळ चालू दिला की विषय संपला. पुढच्याच पावलाला चेंडू निसटला, तरी फ्री किक मिळत नसे. त्यामुळे पंच ॲडव्हांटेज द्यायला कचरत आणि शिट्टीचा सोपा रस्ता धरत. परतीचा रस्ता मोकळा झाल्यावर हिशेबच बदलला. शिट्टी परत घेता येत नाही, पण थांबून पाहण्याचा निर्णय आता दोन-तीन सेकंद परत घेता येतो. शंका असेल तेव्हा आधी वाट पाहणे हेच त्यामुळे शहाणपणाचे ठरते.

घाईची शिट्टी किती महागात पडू शकते ते १७ मे २००६च्या रात्री पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्समध्ये दिसले. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, बार्सिलोना विरुद्ध आर्सेनल. अठराव्या मिनिटाला रोनाल्डिन्योचा पास आर्सेनलच्या बचावाच्या मागे सॅम्युअल एटोकडे गेला. आर्सेनलचा गोलरक्षक येन्स लेहमान पेनल्टी क्षेत्र सोडून बाहेर धावत आला. एटो त्याला चुकवून निघाला आणि लेहमानने हाताने त्याचा घोटा धरून त्याला पाडले. चेंडू मात्र पुढे घरंगळत राहिला. मागून येणाऱ्या लुडोव्हिक ज्युलीने तो रिकाम्या गोलात ढकलला. गोल!

पण नॉर्वेचे पंच तेर्ये हाउगे यांनी तोवर शिट्टी फुंकली होती. खेळ थांबल्यानंतर चेंडू जाळ्यात गेला, म्हणून गोल रद्द. लेहमानने गोलची उघड संधी हिरावली म्हणून त्याला लाल कार्ड. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मैदानाबाहेर काढला गेलेला तो पहिला खेळाडू. दुसरा गोलरक्षक उतरवण्यासाठी आर्सेनलने रॉबेर पिरेसला बाहेर बोलावले. बार्सिलोनाला क्षेत्राच्या जरा बाहेरून फ्री किक मिळाली, आणि ती वाया गेली.

आता कुणाचे काय गेले ते पाहावे. बार्सिलोनाचा एक खरा गोल गेला आणि बदल्यात एक फ्री किक आली. आर्सेनल गोल खाण्यापासून वाचले, पण सत्तरहून अधिक मिनिटे दहा जणांनिशी खेळले. सॉल कॅम्पबेलच्या हेडरने ते पुढेही गेले. मग शेवटच्या पंधरा मिनिटांत एटो आणि बेलेट्टी यांनी गोल केले आणि सामना बार्सिलोनाने २-१ जिंकला. खुद्द हाउगे यांनी नंतर मान्य केले, की निर्णयाआधी काही सेकंद थांबायला हवे होते. मग गोल देऊन लेहमानला पिवळे कार्ड दाखवता आले असते. त्यात दोन्ही संघांचे भले होते, म्हणूनच हे प्रकरण आजही पंचांच्या चर्चेत निघते. बार्सिलोनाला गोल मिळाला असता आणि आर्सेनलचे अकरा जण मैदानात राहिले असते. फाऊल ओळखण्यात हाउगे जराही चुकले नव्हते. घाई झाली ती शिट्टी फुंकण्यात.

मग वाट कधी पाहायची आणि कधी नाही? नवशिक्या पंचाची पहिली गल्लत इथे होते, कारण त्याला वाटते की फाऊल झालेल्या संघाकडे चेंडू राहिला म्हणजे फायदा झाला. ताबा आणि फायदा या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या हाफमध्ये मध्यरक्षकाला मागून पाडले, चेंडू साथीदाराकडे गेला, पण त्याचे तोंड स्वतःच्या गोलकडे आहे आणि दोन प्रतिस्पर्धी त्याच्या अंगावर येताहेत. अशा वेळी हात पुढे करून ‘खेळा’ म्हणणारा पंच त्या संघाला मदत करत नाही, संकटात ढकलतो. तिथे फ्री किकच बरी, कारण चेंडू निदान निवांत मिळतो. म्हणून पंच चेंडूखेरीज पुढचेही पाहतो: समोर जागा किती आहे, हल्ला करणारे किती आणि अडवणारे किती, चेंडू मिळालेला खेळाडू तोल सांभाळून आहे का, आणि गोल किती दूर आहे. हे सगळे तो धावता धावता, एका नजरेत पाहत असतो. या कारणाने चांगला पंच फाऊलच्या जागी खिळून न राहता त्याच्या पलीकडे, चेंडू जाणार त्या दिशेला बघताना दिसतो.

अंतराचा हिशेब आकड्यांत मांडला तर सोपा होतो. पेनल्टीवर सरासरी चारांपैकी तीन गोल होतात. क्षेत्राबाहेरच्या थेट फ्री किकवर मात्र शंभरात जेमतेम पाच-सहा. म्हणजे गोलपासून पंचवीस मीटरवर फाऊल झाला आणि साथीदार एकटा पुढे सुटला असेल, तर फ्री किक त्याच्या संधीपुढे काहीच नाही. खेळ चालू ठेवणे जवळजवळ नेहमीच फायद्याचे. पण फाऊल पेनल्टी क्षेत्रात झाला तर पारडे फिरते. हातात पंचाहत्तर टक्क्यांची वस्तू असताना तिरप्या कोनातल्या एखाद्या फटक्यासाठी ती कुणी सोडत नाही. क्षेत्रात पंच म्हणूनच ॲडव्हांटेजची खूण सहसा करत नाहीत. गप्प राहून क्षणभर पाहतात. चेंडू जाळ्यात गेला तर गोल, नाही तर शिट्टी आणि पेनल्टी. प्रेक्षकांना वाटते, पंचाला उशिरा सुचले. खरे तर तो क्षण त्याने जाणूनबुजून घेतलेला असतो.

खूणही समजून घेण्यासारखी आहे. दोन्ही हात, किंवा एक हात, कमरेपासून पुढे उचललेला. बरेच पंच सोबत मोठ्याने ओरडतातही, कारण पाठमोऱ्या खेळाडूला हात दिसत नाहीत. खुणेचा अर्थ असा, की मी फाऊल पाहिला आहे, दुर्लक्ष केलेले नाही, पण खेळत राहा. खूण आली नाही आणि खेळ चालूच राहिला, तर दोन शक्यता उरतात: पंचाच्या मते फाऊल नव्हताच, किंवा तो अजून वाट पाहतो आहे. अनुभवी पंच वाट पाहण्याच्या काळात हात हलवत नाहीत. फायदा खरोखर उभा राहिला की मगच हात पुढे करतात.

हा क्रम उलटला की काय होते, ते ३ डिसेंबर २०२३ला मँचेस्टरमध्ये दिसले. मँचेस्टर सिटी विरुद्ध टॉटेनहॅम, ३-३ बरोबरी, वाढीव वेळ चालू. एमर्सन रॉयालने एर्लिंग हालांडला पाडले. हालांड उठला, चेंडू त्याच्याकडेच होता, आणि पंच सायमन हूपर यांनी खेळ चालू ठेवण्याची खूण केली. हालांडने बचावाच्या मागे लांब पास टाकला. जॅक ग्रीलिश मोकळा सुटला, समोर गोल होता, आणि हूपर यांनी शिट्टी वाजवली. फाऊलची जागा दाखवून फ्री किक दिली. हालांडचा संताप जगभरच्या पडद्यांवर दिसला. खेळाडूंनी पंचाला घेरले म्हणून सिटी क्लबला पुढे १,२०,००० पौंडांचा दंड झाला.

नियमाच्या भाषेत या शिट्टीचे समर्थन करणे अवघड आहे. ‘काही सेकंदांत फायदा मिळाला नाही तर’ मागे जायचे, असे नियम म्हणतो. इथे तर फायदा नुकताच मिळाला होता, आणि तोही असा, की त्या जागेवरच्या फ्री किकमधून तो कधी निघाला नसता. नियमाची दुसरी कडही इथेच ध्यानात येते. फायदा म्हणजे संधी, गोलची हमी नव्हे. समजा शिट्टी वाजली नसती आणि ग्रीलिशने चेंडू बाहेर मारला असता, तर फ्री किकसाठी मागे जाण्याचा प्रश्नच नव्हता. संधी मिळाली, ती घालवली, हिशेब पूर्ण. प्रेक्षकांत नेहमी हाकाटी होते, ‘गोल नाही झाला, मग फाऊल द्या!’ तो दुहेरी लाभ नियम देत नाही.

वातावरण हाही पंचाच्या तोलाचा भाग आहे, आणि इथे कोल्हापूरच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर असतात तेव्हा दोन पेठा एकमेकींसमोर उभ्या असतात. अशा सामन्यात आडदांड टॅकलनंतर पंचाने खेळ चालू दिला आणि पडलेला खेळाडू उठून थेट समोरच्याच्या छातीला भिडला, तर पुढच्या पाच सेकंदांत जो काही फायदा मिळणार होता त्याला अर्थ राहत नाही. आधीच तापलेल्या सामन्यात पंच त्यामुळे शिट्टी लवकर वाजवतो. खेळाचा ओघ तुटतो, पण माणसे शांत होतात. उलट सामना समंजसपणे चाललेला असेल तर तो जास्त सोडून देतो. एकाच पंचाचे दोन सामन्यांतले निर्णय वेगळे दिसतात त्याचे एक कारण हे आहे. खेळाडूला गंभीर दुखापत झाली असेल तर मात्र हा सगळा हिशेब बाजूला पडतो आणि खेळ लगेच थांबतो.

शिट्टी वाजून गेली, तरी निर्दोष संघासाठी नियम एक छोटी वाट ठेवतो. ती म्हणजे झटपट घेतलेली फ्री किक. तत्त्व तेच, की फाऊल करणाऱ्याला सावरायला वेळ मिळू नये. भारतीय फुटबॉलमध्ये या वाटेवरून सर्वांत मोठा गदारोळ बेंगळुरूतच झाला. ३ मार्च २०२३, कांतीरवा स्टेडियम. इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत बेंगळुरू एफसी आणि केरला ब्लास्टर्स नव्वद मिनिटे ०-० होते. जादा वेळेच्या पहिल्या सत्रात पेनल्टी क्षेत्राच्या जरा बाहेर सुनील छेत्रीवर फाऊल झाला. पंच क्रिस्टल जॉन यांनी फ्री किक दिली. ब्लास्टर्सचा गोलरक्षक प्रभसुखन गिल खेळाडूंची भिंत लावण्यात गुंतलेला असताना छेत्रीने चेंडू सरळ जाळ्यात टोलावला. पंचांनी गोल दिला. ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर बोलावला आणि तो परतलाच नाही. बेंगळुरूला विजयी ठरवले गेले. पुढे भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने क्लबला चार कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी घातली.

वादाचा मुद्दा तांत्रिक होता. फ्री किक घेण्यासाठी शिट्टीची वाट पाहावी लागतेच असे नाही. कार्ड दाखवायचे असेल, जखमी खेळाडूला पाहायचे असेल, बदली खेळाडू येत असेल किंवा भिंत ९.१५ मीटर मागे न्यायचे काम पंचाने हाती घेतले असेल, तर किकआधी शिट्टी लागते. नाही तर चेंडू स्थिर आहे, जागा बरोबर आहे, एवढे पुरते. छेत्रीचे म्हणणे होते, की आपल्याला शिट्टीही नको आणि भिंतही नको, असे त्याने पंचांना आधीच सांगितले होते. ब्लास्टर्सच्या मते पंच भिंतीच्या कामाला लागले होते, म्हणजे शिट्टीशिवाय किक घेता येत नव्हती. पंचाचा निर्णय कायम राहिला. बचाव करणाऱ्या प्रत्येक संघाने यातून घेण्याजोगी सावधगिरी अशी, की शिट्टीनंतर एक जण चेंडूच्या समोर असावा आणि गोलरक्षकाने चेंडूवरची नजर काढू नये. मात्र चेंडूपुढे मुद्दाम उभे राहून किक अडवणे हाही पिवळ्या कार्डाचा गुन्हा आहे, त्यामुळे त्यालाही मर्यादा आहे.

राहता राहिला प्रश्न कार्डांचा. खेळ चालू ठेवला म्हणून फाऊल माफ होत नाही. चेंडू पुढच्या वेळी खेळाबाहेर गेला की पंच त्या खेळाडूला गाठून कार्ड दाखवतो. मात्र कार्डाचा रंग बदलू शकतो. गोलची उघड संधी हिरावणारा फाऊल असेल आणि ॲडव्हांटेजमुळे ती संधी शाबूत राहिली, तर लाल कार्डाऐवजी पिवळे येते, कारण हिरावले काहीच गेले नाही. पॅरिसमध्ये हाउगे थांबले असते तर लेहमानला पिवळ्यावर सोडता आले असते, ते याच तर्काने. जर्सी ओढण्यासारख्या फाऊलने आश्वासक चढाई रोखण्याचा प्रयत्न झाला आणि चढाई पुढे गेली, तर २०२० पासून पिवळे कार्डही येत नाही. बेफिकीर किंवा धोकादायक टॅकलचे कार्ड मात्र येतेच. ते चढाईसाठी नसते, समोरच्याच्या पायाला घातलेल्या धोक्यासाठी असते.

सगळ्यांत अवघड प्रसंग म्हणजे फाऊल लाल कार्डाच्याच लायकीचा असणे: पाय मोडेल असा टॅकल, हाणामारी, किंवा आधीच एक पिवळे असलेल्याचा दुसरा गुन्हा. अशा वेळी ॲडव्हांटेज देऊ नये असे नियम सांगतो. अपवाद फक्त समोर स्पष्ट गोलसंधी असण्याचा. कारण व्यवहारी आहे. खेळ चालू राहिला तर ज्याने बाहेर जायला हवे तो खेळाडू अजून मैदानात आहे. चेंडू बाहेर जायला मिनिट लागू शकते, आणि तेवढ्यात तोच पुढे धावून गोल करू शकतो. त्यासाठी नियमात तरतूद आहे. पंचाने संधी पाहून खेळ चालू दिला आणि त्या खेळाडूने चेंडूला पाय लावला, किंवा कुणा प्रतिस्पर्ध्याला अडवले, की पंच तिथेच खेळ थांबवतो, लाल कार्ड काढतो आणि समोरच्या संघाला अप्रत्यक्ष फ्री किक देतो. त्या अडवण्यात त्याने आणखी मोठा फाऊल केला असेल, तर त्याची शिक्षा लागते. म्हणून अशा खेळाडूच्या मागोमाग पंच धावताना दिसला, तर तो चेंडूपेक्षा त्याच्या पायांकडे जास्त बघत असतो.